वर्णन वस्तूचं, हिशेब कामाचा

बीबीए असो, एमबीए असो की इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रकल्प व्यवस्थापनाच्या विषयात एक असाइनमेंट हमखास येते. एखादा प्रकल्प निवडा, प्रॉडक्ट स्कोप आणि प्रोजेक्ट स्कोप यांतला फरक दाखवा आणि वगळलेल्या गोष्टी, मर्यादा व गृहीतकं यांच्यासह स्कोप स्टेटमेंट लिहा. मुलं लिहितात आणि पानंही भरतात. पण वाचताना लक्षात येतं, की पाच पानांपैकी साडेचार पानं तयार होणाऱ्या वस्तूच्या वर्णनात गेली आहेत. ती वस्तू तयार करायला कोणाला किती राबावं लागेल, याचा कुठे पत्ताच नाही. फरकाची व्याख्या पहिल्या पानावर बिनचूक असते आणि पुढच्या चार पानांत तिचा मागमूस नसतो.

म्हणून व्याख्येआधी एक प्रकल्पच घेऊ. तालुक्याच्या गावचं एक सार्वजनिक वाचनालय आहे असं समजा. १४,००० पुस्तकं, हाताने लिहिलेल्या जाडजूड दाखल नोंदवह्या, देवघेवीच्या टेबलावर कार्डांचे खोके, एक ग्रंथपाल आणि एक सहायक. कार्यकारिणीने ठराव केला, ‘वाचनालयाचे संगणकीकरण करण्यात यावे’. टाळ्या वाजल्या, चहा झाला. खरा घोळ या एका ओळीतच आहे. ग्रंथपालांच्या डोळ्यांसमोर संध्याकाळच्या गर्दीत पटापट होणारी देवघेव आहे. कोषाध्यक्षांना थकलेल्या वर्गणीची यादी एका क्लिकवर हवी आहे. एका तरुण सदस्याच्या मनात मोबाइल अ‍ॅप आहे. एका ज्येष्ठ सभासदाला वाटतं, की आता कपाटातले दुर्मिळ ग्रंथ स्कॅन होऊन पडद्यावर वाचता येतील. ठराव एकमताने झाला खरा, पण प्रत्येकाने तो आपापल्या मनातल्या प्रकल्पाला दिलेला होता.

आता पहिला प्रश्न असा. काम संपलं, नोंदी करणारी मुलं घरी गेली, की वाचनालयात काय उरेल आणि ते कसं वागेल? याचं उत्तर म्हणजे प्रॉडक्ट स्कोप, वस्तूची व्याप्ती. आपल्या उदाहरणात ती थोडक्यात सांगता येते. प्रत्येक पुस्तकावर बारकोड असेल. स्कॅनर लावला की पुस्तक सभासदाच्या नावावर चढेल आणि परत आलं की उतरेल. शीर्षक, लेखक, विषय आणि दाखल क्रमांक यांवरून देवनागरीत शोध घेता येईल. मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी रोज निघेल.

हे वर्णन जितकं नेमकं तितकं बरं. ‘देवनागरीत शोध’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. पण एकाच लेखकाची नोंद कुठे ‘देशपांडे, पु. ल.’, कुठे ‘पु. ल. देशपांडे’ आणि कुठे ‘देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण’ अशी झाली, तर वाचकाला निम्मीच पुस्तकं सापडतात. ‘ऱ्या’ हे अक्षर तर संगणकावर दोन वेगळ्या तऱ्हांनी टाइप होतं. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात आणि शोध चुकू शकतो. लेखकाचं नाव आडनावापासून सुरू होईल आणि सगळ्या नोंदी एकाच कळफलकाने होतील, हे म्हणूनच लिहून ठेवायचं. पहिली अट वस्तूच्या व्याप्तीत जाते, कारण ती नोंद कशी असेल ते सांगते. दुसरी कामाच्या व्याप्तीत, कारण ती काम कसं होईल ते सांगते.

कामाची व्याप्ती म्हणजे प्रोजेक्ट स्कोप, आणि त्याचा प्रश्न वेगळा आहे. ती वस्तू उभी राहावी म्हणून कोणाला काय काय करावं लागेल? यातला बराचसा भाग काम संपल्यावर कोणाला दिसतही नाही. कपाटं रिकामी करायची, पुसायची, फाटकी पुस्तकं बाजूला काढायची, नोंद करायची, लेबल छापून चिकटवायचं, पुस्तक पुन्हा त्याच जागी लावायचं. सॉफ्टवेअर बसवायचं, तपासायचं, ग्रंथपाल आणि सहायकाला शिकवायचं, दर आठवड्याला कार्यकारिणीला अहवाल द्यायचा. वाचकाला अहवाल कधीच दिसणार नाही, तरी ते काम आहे आणि त्याला वेळ लागतो.

फरक डोळ्यांत भरावा म्हणूनच मी हे उदाहरण निवडलं. वाचनालयांसाठी कोहा नावाची मुक्त संगणकप्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० सालापासून वापरात आहे. ती घ्यायला परवाना शुल्क लागत नाही. म्हणजे वस्तूचा मोठा भाग आयता आणि फुकट मिळतो. जाणकार माणूस ती एक-दोन दिवसांत बसवूनही देतो. तरीही प्रकल्प चार महिने चालतो आणि पैसे खातो, कारण सगळा खर्च कामाच्या व्याप्तीत दडलेला असतो. असाइनमेंटमध्ये ‘सॉफ्टवेअर मोफत असल्याने खर्च नगण्य’ असं वाक्य दिसलं, की हा फरक लिहिणाऱ्याला कळलेला नाही हे तिथेच समजतं.

मोजायची पद्धतही दोन्हींची वेगळी आहे. वस्तूची व्याप्ती पुरी झाली का, हे ठरलेल्या गरजांशी ताडून बघायचं. कामाची व्याप्ती पुरी झाली का, हे आराखड्याशी. पीएमआय या संस्थेच्या ‘पीएमबॉक गाइड’मध्ये हाच भेद केलेला आहे आणि बहुतेक अभ्यासक्रमांनी तो तिथूनच उचलला आहे.

आता हिशेब. इथे जरा थांबायला हवं, कारण वगळायच्या गोष्टी कुठून येतात ते इथेच कळतं. एका नोंदीला किती वेळ लागतो, हे अंदाजाने लिहू नका. वीस पुस्तकं घ्या, घड्याळ लावा आणि करून बघा. समजा नोंदीला तीन मिनिटं आणि लेबलाला एक, अशी एका पुस्तकामागे चार मिनिटं लागली. १४,००० पुस्तकांची ५६,००० मिनिटं झाली, म्हणजे ९३३ तास. वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी वाचकांसाठी उघडं असतं, त्यामुळे काम दुपारच्या वेळातच करता येतं. तिथे प्रत्यक्ष कामाचे चार तास मिळतात असं धरू. संगणक दोन, माणसं दोन, म्हणजे दिवसाला आठ तास. भागाकार केला की ११७ दिवस येतात. आणि निधी त्याच आर्थिक वर्षात खर्ची पडला पाहिजे, म्हणजे ३१ मार्चची तारीख हलणार नाही. काम १ डिसेंबरला सुरू केलं, तर मध्ये १२१ दिवस आहेत. साप्ताहिक सुट्ट्या आणि सण वजा करता हाती जेमतेम शंभर उरतात. त्यांतच प्रणाली बसवणं, शिकवणं आणि तपासणं आलं.

गणित बसत नाही. मग कार्यकारिणीपुढे तीन वाटा राहतात: माणसं आणि संगणक वाढवा, तारीख पुढे न्या किंवा पुस्तकं कमी करा. पैसे नाहीत, तारीख हलत नाही, म्हणून तिसरी वाट. १४,००० पुस्तकांपैकी प्रत्यक्ष घरी नेली जाणारी ९,०००. बाकीची संदर्भ विभागातली, जुनी किंवा जीर्ण. ९,००० पुस्तकांना प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे ६०० तास, म्हणजे ७५ दिवस. उरलेले पंचवीस दिवस इतर कामांना. आता बसतं. आणि ‘संदर्भ विभागातील व जीर्ण मिळून सुमारे ५,००० पुस्तकांची नोंद या प्रकल्पात समाविष्ट नाही’ हे वाक्य आपोआप जन्माला आलं. मर्यादेतून वगळणूक निघाली. विद्यार्थ्यांच्या लेखनात हे तीन भाग तीन वेगळ्या नमुन्यांतून उतरवल्यासारखे दिसतात. एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही. तपासणारा शहाणा असेल तर तो नेमका हाच धागा शोधतो.

वगळलेल्या गोष्टी लिहिताना एकच कसोटी लावायची. समजूतदार माणसाला ही गोष्ट प्रकल्पात असेल असं वाटू शकतं का? वाटू शकत असेल तरच लिहायची. ‘इमारतीची रंगरंगोटी समाविष्ट नाही’ हे वाक्य खरं असलं तरी निरुपयोगी आहे, कारण संगणकीकरणात रंगकाम येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. याउलट दुर्मिळ ग्रंथांचं स्कॅनिंग लिहायलाच हवं, कारण त्या ज्येष्ठ सभासदाला ते वाटतंच आहे. मोबाइल अ‍ॅप लिहायला हवं. थकीत वर्गणीचे जुने हिशेब लिहायला हवेत, कारण कोषाध्यक्ष त्याचीच वाट पाहत आहेत. ठरावानंतर चहा पिताना जे जे बोललं गेलं, ती तुमची यादी. आणि वगळलेली गोष्ट कोणीतरी करणार असेल, तर कोण ते तिथेच लिहा. ‘संगणकांची देखभाल वाचनालय स्वतः करेल’ असं वाचलं की भांडणाला जागा राहत नाही.

मर्यादा आणि गृहीतकं यांत मात्र सर्वांत जास्त गोंधळ होतो. मर्यादा म्हणजे आज ठाऊक असलेली, आपल्या हातात नसलेली बांधीलकी. निधी १,८०,००० रुपये, शेवट ३१ मार्च, संगणक दोन, काम दुपारी. यात शंकेला जागा नाही. गृहीतक म्हणजे आज तपासलेलं नसलेलं, पण खरं मानून पुढे जायचं ठरवलेलं विधान. ते खोटं ठरू शकतं. खोटं ठरण्याची शक्यताच नसेल तर ते गृहीतक नव्हे. म्हणून ‘निधी पुरेसा असेल’, ‘सर्वजण सहकार्य करतील’ ही वाक्यं दोन्हींकडे बसत नाहीत. ती नुसती आशा आहे.

चांगलं गृहीतक कसं असतं ते बघा. ग्रंथपाल म्हणतात, ‘चार हजार पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आधीच आहे.’ ऐकून जीव भांड्यात पडतो, कारण ती यादी प्रणालीत चढवता आली तर पुष्कळ तास वाचतील. पण ती युनिकोडमध्ये आहे का? महाराष्ट्रात वर्षानुवर्षं मराठी टायपिंग जुन्या फॉण्टांत होत आलं. तशी यादी तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर उघडली, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि तिच्यात शोध लागत नाही. रूपांतर करता येतं, पण जोडाक्षरं बिघडतात आणि प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. तेव्हा गृहीतक असं लिहायचं: ‘उपलब्ध एक्सेल यादी युनिकोडमध्ये आहे.’ त्याला जोडून, कोण कधी तपासणार आणि खोटं निघालं तर काय होणार, तेही लिहायचं. यादी एखाद्या मोबाइलवर पाठवून उघडायची. पाच मिनिटांचं काम आहे. इतक्या स्वस्तात तपासता येणारं गृहीतक खरं तर तपासून मोकळं व्हावं. म्हणूनच वरच्या ७५ दिवसांत मी या यादीचा फायदा धरलेला नाही.

दुसरं गृहीतक जास्त खोलवरचं आहे. दाखल नोंदवहीत जे आहे ते कपाटात आहे, असं सगळे धरून चालतात. पण जुन्या वाचनालयात हरवलेली आणि कधीच परत न आलेली पुस्तकं असतात, आणि ती सगळीच रीतसर निर्लेखित झालेली असतात असं नाही. नोंदवही समोर ठेवून नोंदी केल्या, तर टायपिंग भराभर होतं. पण अस्तित्वात नसलेली पुस्तकंही संगणकात शिरतात. मग वाचक शोधतो, पडद्यावर ‘उपलब्ध’ दिसतं, आणि कपाटापाशी जाऊन तो हात हलवत परत येतो. यावर उपाय दोन. एक, नोंदवहीतल्या कुठल्याही शंभर नोंदी घेऊन तेवढी पुस्तकं शोधायची. किती सापडत नाहीत ते कळतं. दोन, नोंद पुस्तक हातात घेऊनच करायची. ही दुसरी रीत आपण कामाच्या व्याप्तीत लिहून टाकली, की गृहीतकाची गरजच उरत नाही. एखादं गृहीतक असं कामाची पद्धत बदलून संपवता आलं, तर ते पुढे ओढत नेण्यात अर्थ नाही.

आता हे सगळं एकत्र मांडलं तर स्कोप स्टेटमेंट असं दिसेल. असाइनमेंटमध्ये याहून फार मोठं होण्याचं कारण नाही.

प्रकल्प: वाचनालयाच्या देवघेव विभागाचे संगणकीकरण.

वस्तूची व्याप्ती: देवघेवीतील सुमारे ९,००० पुस्तकांची संगणकीय तालिका, शीर्षक, लेखक, विषय व दाखल क्रमांक यांवरून देवनागरीत शोध, बारकोडद्वारे देवघेव, मुदत उलटलेल्या पुस्तकांची दैनिक यादी. लेखकाची नोंद आडनावापासून.

कामाची व्याप्ती: प्रणाली बसवणे व तपासणे, पुस्तक हातात घेऊन, एकाच कळफलकाने नोंद, लेबल छापणे व चिकटवणे, सध्याच्या सभासदांची नोंद, ग्रंथपाल व सहायक यांचे प्रशिक्षण, साप्ताहिक अहवाल.

सुपूर्द करावयाच्या गोष्टी: चालू प्रणाली, लेबल लावलेली पुस्तके, मराठी वापरपुस्तिका, तपासणी अहवाल.

स्वीकृतीचे निकष: कपाटांतून यदृच्छया काढलेल्या १०० पुस्तकांपैकी किमान ९८ पुस्तकांचे शीर्षक, लेखक व दाखल क्रमांक स्कॅन केल्यावर अचूक दिसावेत. सहायकाने कोणाच्याही मदतीशिवाय सलग २० देवघेवी कराव्यात.

वगळलेल्या गोष्टी: संदर्भ विभागातील व जीर्ण पुस्तके, नियतकालिके, ग्रंथांचे स्कॅनिंग, मोबाइल अ‍ॅप, थकीत वर्गणीचे जुने हिशेब. संगणकांची देखभाल वाचनालय करेल.

मर्यादा: निधी १,८०,००० रुपये, कालावधी १ डिसेंबर ते ३१ मार्च, दोन संगणक, नोंदीचे काम फक्त दुपारी, दिवसाला चार तास.

गृहीतके: एका पुस्तकास सरासरी चार मिनिटे लागतील; पहिल्या आठवड्याअखेर प्रकल्पप्रमुख तपासेल; पाच मिनिटे लागल्यास कार्यकारिणी पुस्तकांची संख्या पुन्हा ठरवेल. देवघेवीतील पुस्तके ९,००० च्या आसपास आहेत; ग्रंथपाल १५ डिसेंबरपर्यंत कपाटनिहाय मोजणी देतील; जास्त निघाल्यास वाढीव पुस्तके पुढील टप्प्यात जातील.

यातलं चार मिनिटांचं गृहीतक क्षुल्लक वाटेल. पण मिनिट एकाने वाढलं, की ९,००० पुस्तकांना १५० तास जास्त लागतात, म्हणजे जवळजवळ एकोणीस दिवस. राखीव पंचवीसपैकी सहाच उरतील. कोणतं गृहीतक महत्त्वाचं, ते असं आकड्यातून ठरतं. दहा गृहीतकं लिहिण्यापेक्षा अशी दोन लिहिलेली बरी. निकषांचंही तसंच. ‘प्रणाली वापरण्यास सोपी असावी’ हा निकष नाही, कारण त्यावरून कोणी ‘हो’ही म्हणेल आणि कोणी ‘नाही’ही. सहायकाने सलग वीस देवघेवी केल्या की नाही, यावर वाद होत नाही.

जानेवारीत कार्यकारिणीतला तो तरुण सदस्य विचारतो, ‘मुदत संपली की सभासदाला एसएमएस जाईल ना? प्रणालीत सोय आहे म्हणे.’ सोय आहे हे खरं. वस्तूच्या व्याप्तीत ही एका ओळीची भर. कामाच्या बाजूने बघा. भारतात संस्थेला असे एसएमएस पाठवायचे, तर ट्रायच्या नियमांनुसार दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत संस्थेची, पाठवणाऱ्या नावाची आणि संदेशाच्या मसुद्याची नोंदणी करावी लागते. सेवा पुरवणारा शोधायचा, दर ठरवायचा, आणि प्रत्येक सभासदाचा आजचा मोबाइल क्रमांक मिळवायचा. नोंदणीच्या कागदांवरचे अनेक क्रमांक बदललेले असणार. उलटंही घडतं. आजारी पडलेल्या नोंदकाऐवजी दुसरा आला, की कामाची बाजू हलते, वस्तूत मात्र तसूभरही फरक पडत नाही. बदलाची मागणी आली की दोन्ही रकान्यांत तिचा परिणाम वेगवेगळा लिहायचा, आणि मग कार्यकारिणीने हो किंवा नाही म्हणायचं. न विचारता, चांगुलपणाने, ‘करून टाकू’ म्हणून केलेली भर तर आणखी वाईट, कारण तिचे तास कुठल्याच हिशेबात नसतात.

एक बारीक गोष्ट असाइनमेंट करणाऱ्यांसाठी. ‘पीएमबॉक’च्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत मर्यादा आणि गृहीतकं स्कोप स्टेटमेंटचाच भाग होती. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ती तिथून काढून गृहीतकांच्या वेगळ्या नोंदपत्रकात नेली. प्रत्यक्ष कामात ते सोयीचं आहे, कारण गृहीतकं दर आठवड्याला बदलतात आणि स्कोप स्टेटमेंट तसं बदलू नये. पण अनेक महाविद्यालयांच्या प्रश्नपत्रिका अजून जुन्या रचनेवरच चालतात. प्रश्नात तिन्ही भाग मागितले असतील, तर निमूटपणे तिन्ही स्टेटमेंटमध्येच द्या, आणि तळाशी आवृत्ती क्रमांक, तारीख आणि मान्यता देणाऱ्याच्या सहीची जागा ठेवा. प्रत्यक्षातल्या वाचनालयात ती सही १ डिसेंबरच्या आधी झालेली असावी लागते.